पीक विम्याचा कागद कसा वाचावा

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेचा शासन निर्णय पुष्कळ पानांचा असतो, त्याची भाषा कचेरीची असते, आणि शेवटच्या तारखेला केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तो वाचायला सवड नसते. म्हणून त्यातील चारच गोष्टी येथे सोप्या करून मांडल्या आहेत. कोणते नुकसान विम्यात येते, हप्ता किती, नुकसान कोणाला व केव्हा कळवायचे, आणि पैसे केव्हा मिळायचे. समाजातील जे विद्यार्थी घरच्या शेतीचे कागद भरतात, त्यांनी तो पेन्सिल हातात घेऊन वाचावा. मधे थोडे गणित आहे. पण ते सातवीच्या वर्गात बसलेल्या कोणालाही जमेल एवढेच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे पैसेवारी, पंचनामा आणि विमा हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. वास्तविक ही तीन निरनिराळी प्रकरणे आहेत. पैसेवारी महसूल खाते गावासाठी काढते. ती पन्नास पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलती मिळतात. अतिवृष्टीनंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक जो पंचनामा करतात तो आपत्ती मदतीसाठी. ती मदत सरकार आपल्या निधीतून देते, आणि तिला विम्याचा अर्ज लागत नाही. पीक विमा मात्र करार आहे. हप्ता भरला, पीक नोंदले, आणि करारात लिहिलेली घटना घडली, तरच विमा कंपनी पैसे देते. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली तेव्हा तलाठ्याने पंचनामा केला म्हणून विमा मिळणारच असे समजून पुष्कळ लोक बसून राहिले. तसा काही संबंध नसतो.

कोणते नुकसान धरले जाते

ही योजना देशात खरीप २०१६ पासून सुरू झाली. तिच्या आधी १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना आणि १९९९-२००० च्या रब्बीपासूनची राष्ट्रीय कृषी विमा योजना होऊन गेल्या. २०१६ च्या योजनेत पाच प्रकारचे नुकसान घेतले होते. पाऊस नसल्याने पेरणीच न होणे, हंगामाच्या मध्येच मोठी आपत्ती येणे, गारपीट किंवा पाणी साचणे यांसारखी स्थानिक आपत्ती, कापून शेतात पसरलेल्या मालाचे चौदा दिवसांच्या आतील नुकसान, आणि हंगामाच्या शेवटी पीक कापणी प्रयोगावरून ठरणारी उत्पन्नातील घट.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या डोक्यात आजही ही पाच कलमे पक्की बसलेली आहेत. परंतु राज्य शासनाने मे २०२५ मध्ये नवा निर्णय काढला, आणि खरीप २०२५ पासून यातील पहिली चार बाजूला ठेवून फक्त शेवटचे कलम राखले. म्हणजे आता भरपाई ठरते ती कापणी प्रयोगाच्या आकड्यावर. काही पिकांत उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काढलेल्या उत्पन्नालाही त्यात वजन दिले जाते. हा बदल लहान नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये पावसाच्या तीन आठवड्यांहून मोठ्या खंडामुळे राज्यात सुमारे ३५ लाख शेतकऱ्यांना पंचवीस टक्के आगाऊ भरपाई जाहीर झाली होती, सुमारे १,७०० कोटी रुपयांची. त्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचा वाटा सुमारे १६० कोटींचा होता. ते पैसे मिळाले ते ‘हंगामातील प्रतिकूल परिस्थिती’ या कलमाखाली. २०२५ च्या खरिपात तसे कलमच करारात नव्हते.

पुढच्या हंगामात काय राहील हे त्या हंगामाच्या अधिसूचनेवर अवलंबून आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये असे जाहीर केले की, खरीप २०२६ पासून वन्य प्राण्यांनी केलेले नुकसान राज्यांना जोडकलम म्हणून घेता येईल, आणि भाताच्या शेतात पाणी साचण्याचे कलमही परत आणता येईल. राज्याने ते अधिसूचित केले आणि आपला भाग त्यात धरला, तरच ते आपल्याला लागू. (आपल्याकडे उसात बिबट्या पुष्कळ; पण तो पीक खात नाही, तेव्हा त्याचा येथे उपयोग नाही.)

आणि उसावरून आठवले. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, तेव्हापासून हा भाग उसाचा. परंतु राज्यात या योजनेत अधिसूचित होणाऱ्या खरीप पिकांत ऊस नाही. सोयाबीन, कापूस, मका, बाजरी, तूर, मूग, उडीद, भुईमूग, खरीप कांदा अशी ती पिके आहेत. रब्बीत गहू, हरभरा, ज्वारी, कांदा. एखादे पीक आपल्या महसूल मंडळासाठी अधिसूचित नसेल तर त्याचा विमा निघत नाही. म्हणून अर्जापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारावा.

हप्ता

हप्त्याचे गणित सरळ आहे. खरिपात विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्के, रब्बीत दीड टक्का, आणि कापूस, कांदा यांसारख्या नगदी पिकांना पाच टक्के. हे वरचे टोक आहे. कंपनीचा विमा दर त्याहून कमी निघाला तर शेतकऱ्यालाही तेवढेच भरावे लागते. कंपनीचा खरा दर पुष्कळदा बराच मोठा असतो आणि उरलेला भाग केंद्र व राज्य भरतात. खरीप २०२३ ते रब्बी २०२४-२५ या काळात महाराष्ट्राने शेतकऱ्याचा हिस्साही स्वतः भरून हा हप्ता एक रुपया केला होता. पहिल्याच खरिपात अर्जांची संख्या सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेली, आणि त्याचबरोबर नसलेल्या पिकाचे व दुसऱ्याच्या जमिनीचे अर्जही आले. खरीप २०२५ पासून एक रुपयाची सवलत बंद झाली. आजही कोणी ‘एक रुपयात विमा काढून देतो’ म्हणाला तर तो मागच्या काळात राहतो किंवा आपल्याला फसवतो.

केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनी देते. शेतकऱ्याने हप्त्याशिवाय काही द्यायचे नसते. सातबारा काढून घेण्याचे पैसे वेगळे, तेवढेच. पीककर्ज असणाऱ्यांना खरीप २०२० पासून विमा ऐच्छिक आहे. परंतु ज्याला नको असेल त्याने अंतिम तारखेच्या सात दिवस आधी बँकेत तसे लिहून द्यावे लागते. न दिल्यास बँक खात्यातून हप्ता कापते. खरिपाची नेहमीची अंतिम तारीख ३१ जुलै; रब्बीत ज्वारीसाठी ३० नोव्हेंबर आणि गहू, हरभरा, कांदा यांसाठी १५ डिसेंबर. मुदतवाढ मिळते हे खरे, पण ती गृहीत धरू नये.

आपल्या समाजात ज्यांच्या नावावर जमीन नाही आणि जे दुसऱ्याची जमीन वाट्याने किंवा खंडाने करतात, त्यांच्यासाठी येथे थोडे थांबणे भाग आहे. योजनेत कुळांना आणि बटईदारांना जागा आहे. पण राज्यात त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तोंडी बोलीवर विमा निघत नाही. मग होते काय, तर विमा मालक स्वतःच्या नावे काढतो, बियाणे, खत आणि घाम बटईदाराचा जातो, आणि भरपाई मालकाच्या खात्यात पडते. ती त्याने वाटून दिली तर त्याचा चांगुलपणा. कागद त्याला बांधील करीत नाही. वर्षभराचा करार नोंदवायला मालक कचरतो, कारण जमीन कुळाला जाईल ही जुनी भीती. तरीसुद्धा पाडव्याला बोली ठरते तेव्हाच विम्याचा विषय काढावा; श्रावणात तो काढून काही हाती लागत नाही.

एक उदाहरण सोडवून पाहू

समजा, बेलापूर मंडळात एका शेतकऱ्याने दोन एकर, म्हणजे ०.८० हेक्टर सोयाबीन पेरले. येथून पुढचे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष आकडे दर हंगामाच्या अधिसूचनेत असतात. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरू. ०.८० हेक्टरला ती ४०,००० झाली, आणि दोन टक्क्यांनी हप्ता ८०० रुपये.

आता ‘उंबरठा उत्पन्न’ काढायचे. शासन निर्णयातील हा सर्वांत महत्त्वाचा शब्द, आणि लोक नेमका तोच ओलांडून पुढे जातात. मंडळाचे मागील सात वर्षांचे हेक्टरी उत्पन्न घ्यायचे. समजा ते १६००, १२५०, १७००, ९००, १५००, १४५० आणि १७५० किलो आहे. त्यातील चांगली पाच वर्षे ठेवायची, म्हणजे १२५० आणि ९०० गळाले. उरलेल्या पाचांची बेरीज ८०००, सरासरी १६००. या सरासरीला जोखीमस्तराने गुणायचे. आपल्या राज्यात तो ७० टक्के आहे. १६०० चे ७० टक्के म्हणजे ११२० किलो. हा झाला उंबरठा.

यंदा कापणी प्रयोगात मंडळाचे उत्पन्न ८४० किलो आले असे मानू. उंबरठ्यापासून घट २८० किलो. २८० ला ११२० ने भागले तर पाव, म्हणजे २५ टक्के. म्हणून भरपाई ४०,००० च्या पाव, १०,००० रुपये.

येथे विद्यार्थ्यांनी पुन्हा एकदा आकड्यांकडे पाहावे. नेहमीचे उत्पन्न १६००, यंदा ८४०. म्हणजे पीक जवळजवळ निम्म्यावर आले. भरपाई मात्र निम्मी मिळाली नाही, पाव मिळाली. कारण पहिली ३० टक्के घट शेतकऱ्याने स्वतः सोसायची आहे. उंबरठ्याच्या खाली जे गेले तेवढ्याचाच हिशेब होतो. मंडळाचे उत्पन्न १२०० किलो आले असते, म्हणजे पीक चार आण्यांनी बुडाले असते, तर एक रुपयाही मिळाला नसता, आणि त्यात कंपनीने काही बुडवले असेही म्हणता आले नसते.

दुसरी गोष्ट त्याहून कडू आहे. हिशेबात आपल्या शेताचे उत्पन्न कोठेच आले नाही. आले ते मंडळाचे. ओढ्याकाठचे दोन एकर वाहून गेले, हाती दाणा आला नाही, पण मंडळाची सरासरी ११५० निघाली, तर त्या माणसाला भरपाई शून्य. उलट विहिरीच्या पाण्यावर ज्याने पीक तारले त्यालाही, मंडळ ८४० वर आल्यास, हेक्टरी तितकेच पैसे. बांधाला बांध लागून असलेले दोन भाऊ, पण रस्त्याच्या अलीकडचा बेलापूर मंडळात आणि पलीकडचा टाकळीभान मंडळात असेल, तर एकाला मिळाले आणि दुसऱ्याला नाही असेही होते. यावरून गावात भांडणे होतात. त्यात लबाडी असेलच असे नाही. नियमच तसा आहे.

नियम असा का केला, हे समजून घेण्यासारखे आहे. देशात पीक विम्याचा पहिला प्रयोग १९७२-७३ मध्ये गुजरातेत एच-४ कापसावर झाला. तो शेतकरीनिहाय होता. पुढे तो महाराष्ट्रासह आणखी काही राज्यांत गेला. १९७८-७९ पर्यंत त्यात ३,११० शेतकरी आले, हप्ता जमला ४.५४ लाख आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख. प्रत्येक शेताचे उत्पन्न तपासायला माणसे नाहीत, आणि ज्याला पीक बुडण्याची खात्री तोच विमा काढतो, अशी अडचण त्यात दिसली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांनी त्यावर क्षेत्र हा आधार धरण्याची कल्पना मांडली. एका भागातील शेतकरी साधारण सारख्या हवामानात शेती करतात, तेव्हा भागाची सरासरी मोजा आणि सर्वांना सारखे द्या. १९७९ पासून त्या धर्तीवर प्रायोगिक योजना सुरू झाली, आणि आजही तोच पाया आहे. दुष्काळाला ही रीत बरी लागू पडते, कारण दुष्काळ सगळ्यांवर येतो. पुराला आणि गारपिटीला ती तोकडी पडते, आणि त्या उणिवेसाठीच स्थानिक आपत्तीचे कलम होते. तेच २०२५ मध्ये गेले. हा निर्णय खर्चाच्या दृष्टीने समजू शकतो, शेतकऱ्याच्या दृष्टीने नाही, असे माझे मत आहे.

नुकसान कळवणे

ज्या हंगामात स्थानिक आपत्ती किंवा काढणीनंतरचे नुकसान करारात असेल, तेव्हा ७२ तासांचा नियम लागतो. घटना घडल्यापासून तीन दिवसांच्या आत पीक विमा ॲपवरून, किंवा १४४४७ या क्रमांकावर, किंवा बँक वा कृषी खात्यामार्फत कंपनीला कळवायचे, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवायचा. त्यानंतर ४८ तासांत पाहणी करणारा नेमायचा, दहा दिवसांत पाहणी आणि अहवाल पुरा करायचा, आणि त्यापुढे पंधरा दिवसांत पैसे द्यायचे, असा क्रम केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. वन्य प्राण्यांचे जोडकलम आले तर त्यालाही हेच ७२ तास आणि ॲपवर जागेची नोंद असलेले छायाचित्र लागेल.

परंतु फक्त उत्पन्नावर आधारलेला विमा असेल, तर वैयक्तिक तक्रारीने भरपाई ठरत नाही. अशा हंगामात लक्ष ठेवण्याच्या जागा दोन. पहिली, ई-पीक पाहणी. विम्याच्या अर्जात सोयाबीन आणि सातबाऱ्यावर मका अशी तफावत असेल तर अर्ज बाद होऊ शकतो. आंतरपीक असेल तर क्षेत्र कसे विभागले तेही तपासावे. शेतकरी ओळख क्रमांक खरीप २०२५ पासून सक्तीचा आहे. त्यावरील नाव, आधारवरील नाव आणि बँकेतील नाव यांत फरक असेल तर पैसा मंजूर होऊनही खात्यात पडत नाही. आपल्याकडे शाळेत एक आडनाव आणि सातबाऱ्यावर दुसरे असे पुष्कळ घरांत आहे. ते आधी दुरुस्त करून घ्यावे.

दुसरी जागा म्हणजे कापणी प्रयोग. मंडळात प्रमुख पिकाचे किमान दहा प्रयोग होतात. शेते चिठ्ठी टाकल्यासारखी, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने निवडतात. शेतात ठराविक मापाचा चौकोन आखून त्यातील पीक कापतात, मळतात, वजन करतात. सोयाबीनला हे काम साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात होते. हे दहा चौकोन संपूर्ण मंडळाचे भाग्य ठरवतात, आणि तरी त्या वेळी बांधावर गावातील फार थोडी माणसे दिसतात. प्रयोग कोणत्या गटात आहे, हे कृषी सहाय्यकाला विचारता येते. हजर राहता येते. चौकोन निवडलेल्या ठिकाणीच आखला का, की पीक बरे दिसते तेथे सरकवला, वजन ओल्या दाण्याचे घेतले की वाळवलेल्या, निवडलेल्या गटात ते पीक नसताना शेजारच्या शेतावर तर प्रयोग उरकला नाही ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. आक्षेप असल्यास तेथेच, त्या दिवशीच, लेखी नोंदवावा. आकडा वर गेल्यानंतर तो बदलणे कठीण.

पैसे केव्हा

उत्पन्नावरील भरपाई काढणीबरोबर मिळत नाही. मार्गदर्शक सूचनांप्रमाणे काढणी संपल्यापासून महिन्याच्या आत राज्याने उत्पन्नाचे आकडे द्यायचे, आणि ते मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कंपनीने भरपाई द्यायची. सोयाबीनची काढणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत संपली असे धरले, तर कागदावरील तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येते. प्रत्यक्षात ती पुढे जाते, आणि अडकते ती बहुधा दोन ठिकाणी. कंपनी एखाद्या प्रयोगावर आक्षेप घेते व त्या आक्षेपाचा निकाल लागेपर्यंत संपूर्ण मंडळ थांबते. किंवा सरकारी हिश्श्याचा हप्ता कंपनीकडे वेळेवर पोचत नाही. मुदतीपलीकडे कंपनीने उशीर केला तर द.सा.द.शे. १२ व्याज देण्याची तरतूद आहे. तेव्हा उशिराची तक्रार करताना ‘पैसे मिळाले नाहीत’ एवढेच न लिहिता, मंडळाचे उत्पन्नाचे आकडे कंपनीला कोणत्या तारखेला मिळाले, हे तालुका कृषी कार्यालयातून विचारून घेऊन ती तारीख अर्जात घालावी. व्याज तेथूनच मोजले जाते.

अर्जाची स्थिती pmfby.gov.in या संकेतस्थळावर पावतीवरील क्रमांकाने पाहता येते. ‘मंजूर’ दिसूनही खाते रिकामे असेल तर बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते विचारावे. विम्याची रक्कम पासबुक दिलेल्या खात्यात न जाता आधार जोडलेल्या खात्यात जमा झालेली असू शकते. जनधनचे जुने, वापरात नसलेले खाते अशा वेळी सापडते. भरपाई शून्य दिसत असेल तर मंडळाचे उंबरठा उत्पन्न आणि यंदाचे उत्पन्न असे दोनच आकडे लेखी मागावेत, आणि वर केले तसे भागाकार करून पाहावा. हिशेब बरोबर असेल तर तक्रारीत वेळ घालवण्यात अर्थ नाही. हिशेब चुकलेला असेल, किंवा क्षेत्र कमी धरले असेल, तर तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील तालुका तक्रार निवारण समितीकडे पावती, सातबारा, पीक पाहणीचा उतारा आणि हा भागाकार एकत्र जोडून अर्ज द्यावा, व पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.